कॉल, पुट, शेअर आणि व्याज: ऑप्शन चेनमधला हिशेब स्वतः कसा पडताळायचा

ऑप्शनमध्ये नव्याने आलेल्या बहुतेकांना एक प्रश्न पडतो. शेअर हजार रुपयांवर आहे, हजाराचाच कॉल म्हणजे हजाराला शेअर घेण्याचा हक्क, आणि हजाराचाच पुट म्हणजे हजाराला शेअर विकण्याचा हक्क आहे, दोघांची एक्स्पायरी म्हणजे मुदत संपायची तारीखही एकच. मग कॉल तीस रुपयांना आणि पुट चोवीसला का? मग कोणीतरी सांगतं, "कॉल महाग आहे म्हणजे बाजार तेजीत आहे." हे उत्तर चुकीचं आहे, आणि त्यावर विसंबून लोक सौदे करतात. खरं उत्तर पुट-कॉल पॅरिटी नावाच्या एका साध्या हिशेबात आहे. कॉल, पुट, शेअरचा भाव आणि व्याजाचा दर या चौघांपैकी तीन कळले की चौथा आपोआप ठरतो.

हा हिशेब समजायला बेरीज-वजाबाकी आणि सरळव्याज एवढंच लागतं. ब्लॅक-शोल्ससारखं सूत्र लागत नाही, शेअर वर जाईल की खाली याचा अंदाजही लागत नाही. हान्स स्टोल यांनी १९६९ साली हे नातं शोधनिबंधात नीट मांडलं, पण व्यापारी लोक त्याच्या कितीतरी आधीपासून ते वापरत होते. पुढचं सगळं आपल्या एनएसईवरच्या शेअर ऑप्शनच्या संदर्भात आहे, कारण इथले काही नियम हिशेब सोपा करतात आणि काही तो बिघडवतात. उदाहरणातले भाव समजुतीसाठी घेतलेले आहेत.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- एनएसईच्या संकेतस्थळावरची त्या शेअरची ऑप्शन चेन. त्यात शेवटचा सौदा झालेला भाव पाहू नका, बिड म्हणजे घेणाऱ्याचा भाव आणि आस्क म्हणजे विकणाऱ्याचा भाव, हे दोन स्तंभ पाहा.
- त्याच एक्स्पायरीच्या फ्युचरचा, म्हणजे त्या दिवशी शेअर घेण्या-देण्याच्या कराराचा, भाव.
- एक्स्पायरीला नेमके किती दिवस उरले आहेत, सुट्ट्यांसकट.
- व्याजाचा दर. बाजाराचा अंदाज घ्यायला ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा दर चालतो. स्वतःच्या सौद्याचा हिशेब करताना मात्र तुम्हाला पैसे ज्या दराने मिळतात, किंवा तुमचे पैसे जिथे पडून आहेत तिथे जे व्याज मिळतं, तोच दर धरा.
- कंपनीने लाभांश जाहीर केला असेल तर त्याची रक्कम आणि एक्स-डेट, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही ती तारीख.
- तुमच्या ब्रोकरची एक जुनी कॉन्ट्रॅक्ट नोट. खर्चाचे खरे आकडे तिथेच मिळतात.

१. आधी खात्री करा की ऑप्शन युरोपियन पद्धतीचा आहे

चेनवर CE आणि PE अशी अक्षरं दिसतात. त्यातला E म्हणजे युरोपियन: हा ऑप्शन फक्त एक्स्पायरीच्याच दिवशी वापरता येतो, त्याआधी नाही. आपल्याकडे २०११च्या आधी शेअर ऑप्शन अमेरिकन पद्धतीचे होते, म्हणजे घेणारा मधल्या कोणत्याही दिवशी हक्क बजावू शकत होता. आता शेअरचे आणि निफ्टीचे दोन्ही ऑप्शन युरोपियन आहेत.

याने इतका फरक पडतो, कारण खालचा सगळा हिशेब "दोघंही त्याच दिवशी संपणार" या गृहीतकावर उभा आहे. समोरच्याला मधेच हक्क बजावता आला तर तारीख पक्की राहत नाही, आणि बरोबरीचं चिन्ह सुटून त्या जागी "इतक्या ते इतक्याच्या दरम्यान" असं ढिलं नातं उरतं. परदेशात राहून अमेरिकी शेअरचे ऑप्शन करणाऱ्या मंडळींनी हे विशेष लक्षात ठेवावं. तिथले शेअर ऑप्शन आजही अमेरिकन पद्धतीचेच असतात.

२. दोन टोपल्या मांडा

शेअर १,००० रुपयांवर आहे. स्ट्राइक, म्हणजे हक्काचा ठरलेला भाव, १,०००. एक्स्पायरीला ३० दिवस आहेत. व्याज वर्षाला ७ टक्के. या ३० दिवसांत लाभांश नाही.

पहिल्या टोपलीत एक कॉल घ्या, आणि सोबत इतके पैसे व्याजाने ठेवा की ३० दिवसांनी त्यांचे बरोबर १,००० व्हावेत. सात टक्क्यांनी ३० दिवसांचं व्याज साधारण ०.५७५ टक्के होतं, म्हणून आज ९९४.२८ रुपये ठेवावे लागतील.

दुसऱ्या टोपलीत शेअर घ्या आणि सोबत एक पुट घ्या.

आता एक्स्पायरीच्या दिवशी काय होतं ते बघू. शेअर १,१०० झाला, तर पहिल्या टोपलीतला कॉल १०० रुपयांचा झाला आणि ठेवीचे १,००० आले, एकूण १,१००. दुसऱ्या टोपलीत शेअर १,१००चा आहे आणि पुट शून्य, म्हणजे एकूण तेवढेच. उलट शेअर ९०० वर आला, तर पहिल्या टोपलीत कॉल शून्य आणि ठेवीचे १,०००. दुसरीत शेअर ९००चा, पण पुटने १०० भरून दिले, म्हणजे पुन्हा १,०००. ७५०, १,३६० असे वाटेल ते भाव घालून पाहा, दोन्ही टोपल्यांत नेहमी सारखीच रक्कम निघेल. हे एकदा कागदावर स्वतः करून बघाच. नुसतं वाचून पटलं असं वाटतं, पण चार भाव हाताने मांडल्यावर ते डोक्यात बसतं.

ज्या दोन गोष्टींचं महिन्याभराने काहीही झालं तरी सारखंच मोल होणार आहे, त्यांची आजची किंमतही सारखीच असायला हवी. तशी नसेल तर स्वस्त टोपली घेऊन महाग टोपली विकणारे लगेच पुढे येतात. म्हणून:

कॉल + ठेव = पुट + शेअर

आपल्या उदाहरणात पुट २४.३० रुपयांना असेल तर दुसऱ्या टोपलीची किंमत १,०२४.३०. त्यातून ठेवीचे ९९४.२८ वजा केले की कॉल सुमारे ३० रुपयांना यायला हवा. कॉल-पुटमधला तो पावणेसहा रुपयांचा फरक म्हणजे हजार रुपयांचं ३० दिवसांचं व्याज. त्यात तेजीचा काही संबंध नाही. कॉल घेणाऱ्याला शेअरचे पूर्ण पैसे महिनाभर द्यावे लागत नाहीत, आणि त्या सवलतीची किंमत तो प्रीमियममध्ये मोजतो.

३. तेच समीकरण उलटवून व्याज काढा

माझ्या मते या विषयातला सगळ्यात उपयोगी भाग हा आहे, आणि शिकवताना नेमका तोच राहून जातो. समीकरणात शेअर, कॉल आणि पुट तिघंही पडद्यावर दिसतात. व्याज दिसत नाही. म्हणून तेच शोधायचं.

शेअर घेतला, पुट घेतला आणि कॉल विकला, तर एक्स्पायरीला काय होईल? शेअर हजाराच्या वर असेल तर कॉलवाला तुमच्याकडून हजाराला शेअर घेईल. खाली असेल तर तुम्ही पुट वापरून हजाराला शेअर द्याल. कसंही झालं तरी तुमच्या हातात एक हजार येणार. म्हणजे आज काही रक्कम घातली आणि ३० दिवसांनी ठरलेले १,००० परत आले. हे कर्ज देणंच झालं. हाच सौदा उलटा केला, शेअर विकला, कॉल घेतला आणि पुट विकला, तर ते कर्ज घेणं झालं.

समजा चेनवर कॉल ३२ आणि पुट २३.५० दिसतोय. तर आज तुमचे १,००० + २३.५० − ३२ = ९९१.५० रुपये जातील आणि ३० दिवसांनी १,००० येतील. ९९१.५० वर साडेआठ रुपये म्हणजे वर्षाला जवळजवळ १०.४ टक्के. हा दर कुठे लिहिलेला नसतो, पण तीन भावांत तो दडलेला असतो.

स्प्रेडशीटमध्ये हे एका ओळीत होतं. B1 मध्ये शेअर, B2 मध्ये स्ट्राइक, B3 मध्ये कॉल, B4 मध्ये पुट, B5 मध्ये उरलेले दिवस आणि B6 मध्ये लाभांश भरा:

```
=(B2/(B1-B6+B4-B3)-1)*365/B5
```

उत्तराला टक्क्यांचं रूप द्या. वरचे आकडे भरलेत तर १०.४३ टक्के यायला हवेत. तसं आलं नाही तर एखादा आकडा चुकीच्या चौकटीत गेला असेल.

शेअर बाजार आणि व्याज यांचं हे नातं मुंबईला नवं नाही. दलाल स्ट्रीटवर बदला पद्धत होती तेव्हा शेअर घेऊन पैसे न भरणारा माणूस सौदा पुढच्या सेटलमेंटला ढकलायचा आणि त्यासाठी पैसे पुरवणाऱ्याला बदल्याचा दर द्यायचा. ते सरळसरळ व्याजच होतं. आणि विकलेला शेअर द्यायला कुणाकडे नसला, मंदीवाल्यांची गर्दी झाली, की उलट मंदीवाल्यालाच पैसे मोजावे लागायचे. त्याला उंधा बदला म्हणत. २००१च्या जुलैत बदला बंद झाला आणि त्याच महिन्यात शेअरचे ऑप्शन सुरू झाले. आज वरच्या सूत्रातून येणारा दर म्हणजे बदल्याच्या दराचाच वारस समजा. तो कधीकधी ऋण येतो, आणि त्यामागचं कारणही बहुधा जुनंच असतं. त्याबद्दल पाचव्या पायरीत.

४. एकाच स्ट्राइकवर विश्वास ठेवू नका. फ्युचरशी ताडून पाहा

काढलेला दर चौदा टक्के आला म्हणून हुरळून जाण्याआधी शेजारच्या दोन स्ट्राइकवर तोच हिशेब करा. ९८०, १,००० आणि १,०२० या तिन्हींमधून साधारण सारखाच दर निघायला हवा, कारण बाजारात एकाच शेअरसाठी, एकाच मुदतीसाठी तीन वेगळी व्याजं असायचं कारण नाही. एखादी स्ट्राइक एकटीच वेगळी दिसली तर जवळजवळ नेहमीच तिथला एखादा भाव शिळा असतो. कॉलचा शेवटचा सौदा आत्ताचा, पुटचा सकाळी दहाचा, आणि मधल्या वेळात शेअर बारा रुपये हललेला. नवख्या माणसाला इथे जो फायदा दिसतो, तो प्रत्यक्षात नसतोच. म्हणूनच वर बिड-आस्क म्हटलं. विकायचं असेल तिथे बिड धरा, घ्यायचं असेल तिथे आस्क धरा, आणि दोन्ही भाव एकाच क्षणी टिपा.

दुसरी पडताळणी फ्युचरशी. कॉल घेऊन पुट विकला की ती जागा फ्युचर घेतल्यासारखीच असते. म्हणून कॉलमधून पुट वजा करून त्यात स्ट्राइक मिळवली, की त्याच एक्स्पायरीच्या फ्युचरच्या जवळचा आकडा मिळतो. आपल्या पहिल्या उदाहरणात ३० − २४.३० + १,००० = १,००५.७०, आणि व्याजासकट फ्युचरही १,००५.७५ च्या आसपास असणार.

मात्र हे शेअरच्या भावाजवळच्या स्ट्राइकवरच करा. ९०० च्या स्ट्राइकवर तोच हिशेब केला तर सगळे भाव अचूक असूनही १,००५.१५ येतात, म्हणजे साठ पैसे कमी. कारण तिथे कॉल-पुटमधला फरक शंभराच्या वर आहे, तो आजच भरावा लागतो, आणि त्या शंभरावर ३० दिवसांचं व्याज बसतं. हा भावातला दोष नव्हे, झटपट हिशेबाची ती मर्यादा आहे.

निफ्टीसाठी तर फ्युचरशीच ताडायचं. पडद्यावरचा निफ्टीचा आकडा कुणी विकत घेऊ शकत नाही, त्यामुळे ऑप्शनचे भाव त्या आकड्याभोवती न फिरता फ्युचरभोवती फिरतात. ज्या साप्ताहिक एक्स्पायरीला फ्युचर नसतो, तिथे कॉल, पुट आणि स्ट्राइकची ही बेरीजच फ्युचरचं काम करते. अनेक अनुभवी लोक ती बेरीज दिवसभर पडद्यावर उघडी ठेवतात आणि जवळची स्ट्राइक कोणती हे तिच्यावरून ठरवतात, स्पॉटवरून नाही.

याचाच एक फायदा असा: एकाच स्ट्राइकच्या कॉलची आणि पुटची इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे भावातून निघणारा शेअरच्या चढउताराचा अंदाज, चेनवर खूप वेगळी दिसली, उदाहरणार्थ एकीकडे २१ आणि दुसरीकडे २७, तर त्यातून बाजाराची भीती किंवा उत्साह वाचू नका. पॅरिटी धरून असेल तर त्या दोन्ही सारख्याच निघायला हव्यात. वेगळ्या दिसतात म्हणजे गणित करणाऱ्याने व्याज, लाभांश किंवा मूळ भाव चुकीचा घेतला आहे, किंवा एखादा भाव शिळा आहे.

५. दर विचित्र आला तर कारण कुठे शोधायचं

पहिला संशय लाभांशावर घ्या. एक्स्पायरीच्या आत कंपनी बारा रुपये लाभांश देणार असेल, तर शेअर धरणाऱ्याला ते बारा रुपये मिळतील, कॉल धरणाऱ्याला नाही. म्हणून दुसऱ्या टोपलीतून बारा रुपये वजा करायचे. आपल्या उदाहरणात कॉल-पुटचा फरक आधी अधिक ५.७२ होता, तो आता वजा ६.२८ होतो. पुट कॉलपेक्षा महाग! चेन पाहणारा म्हणतो, "मोठे लोक पुट घेतायत, काहीतरी वाईट बातमी आहे." बातमी एवढीच, की लाभांश येतोय. सूत्रात B6 भरलं की दर पुन्हा सात टक्क्यांच्या आसपास येतो आणि गूढ संपतं. यातही एक अपवाद आहे. लाभांश फार मोठा, विशेष स्वरूपाचा असेल तर एक्स्चेंज स्ट्राइकच तेवढ्याने कमी करतं. तसं परिपत्रक निघालं असेल तर B6 मध्ये शून्य ठेवा, नाहीतर लाभांश दोनदा वजा होईल.

लाभांश नाही आणि तरीही दर ऋण येतोय, म्हणजे कॉल शेअरच्या मानाने स्वस्त आणि पुट महाग आहे. कागदावर उपाय सोपा दिसतो: शेअर विका, कॉल घ्या, पुट विका, आलेले पैसे व्याजाने ठेवा. पण शेअर हातात नसताना विकून महिनाभर तसं राहणं आपल्या कॅश बाजारात शक्य नाही. शॉर्ट केलेला शेअर त्याच दिवशी परत घ्यावा लागतो. शेअर उसने घेण्याची सोय एसएलबीमध्ये आहे, पण तिथे अनेक शेअरमध्ये उलाढाल नगण्य असते. म्हणून या बाजूची तफावत दिवसेंदिवस टिकू शकते, आणि ती भरून काढणारा माणूस एकच: ज्याच्याकडे शेअर आधीपासून पडून आहे तो. तो स्वतःचे शेअर विकतो, ऑप्शनने तीच जागा परत उभी करतो आणि मधले पैसे वापरतो. तुमच्याकडे असा शेअर दीर्घकाळासाठी असेल तर हा हिशेब तुमच्या कामाचा आहे, पण विक्रीवरचा भांडवली नफ्याचा कर आधी मोजा; बहुतेक वेळा तो सगळा फायदा खाऊन टाकतो.

शेअर एफ अँड ओच्या बॅन यादीत असेल, तर तफावत आणखी रुंद होते. एकूण ओपन इंटरेस्ट, म्हणजे अजून न मिटलेले सौदे, बाजाराच्या मर्यादेच्या ९५ टक्क्यांवर गेला की नवे सौदे थांबतात, फक्त असलेले कमी करता येतात. पॅरिटी सांभाळणारे लोकच तेव्हा आत येऊ शकत नाहीत. अशा शेअरमध्ये दिसणाऱ्या दराला अर्थ नसतो, तो सोडून द्या.

६. "फुकटचा पैसा" दिसला तर पूर्ण खर्च मांडा

तिसऱ्या पायरीतलं १०.४ टक्क्यांचं उदाहरण परत घेऊ. तुमचे पैसे सात टक्क्यांचे आहेत. ९९१.५० वर ३० दिवसांचं तुमचं व्याज ५.७० रुपये, सौद्यातून मिळणार ८.५० रुपये. म्हणजे शेअरमागे २.८० रुपये जास्तीचे. पाचशेचा लॉट धरला तर १,४०० रुपये, तेही "बिनजोखमीचे".

आता कॉन्ट्रॅक्ट नोट उघडा. शेअर डिलिव्हरीने घेताना एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा सरकारी कर, ०.१ टक्का, म्हणजे एक रुपया. एक्स्पायरीला शेअर द्याल तेव्हा पुन्हा ०.१ टक्का, आणखी एक रुपया. शेअरच्या ऑप्शनचं सेटलमेंट आता प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होतं, त्यामुळे हा दुसरा रुपया टळत नाही. घेताना ०.०१५ टक्के स्टँप ड्युटी म्हणजे पंधरा पैसे, आणि कॉल विकण्यावरचा एसटीटी, एक्स्चेंजचे आकार, जीएसटी वगैरे धरून आणखी पंधरा. झाले २.३० रुपये. शिल्लक पन्नास पैसे.

कॉल ३२ ला शेवटचा सौदा होता, पण बिड ३१.६० होती. पुटचा शेवटचा सौदा २३.५० चा, पण आस्क २३.९० होती. ऐंशी पैसे गेले. आता आपण तीस पैसे तोट्यात आहोत.

शिवाय मार्जिन. कॉल विकताना डीमॅटमध्ये शेअर आहे म्हणून मार्जिन माफ होत नाही. शेअर प्लेज केला, म्हणजे गहाण ठेवला, तर किमतीतला काही भाग हेअरकट म्हणून कापून तारण मिळतं, पण लागणाऱ्या मार्जिनचा निम्मा भाग रोख किंवा रोखीसारख्या स्वरूपात द्यावा लागतो. मार्जिन वीस टक्के, म्हणजे २०० रुपये धरलं तर १०० रुपये रोख महिनाभर अडकले. त्यांचं व्याज ५८ पैसे. एकूण तोटा शेअरमागे नव्वद पैशांच्या आसपास, आणि अजून ब्रोकरेज धरलेलं नाही. काही ब्रोकर डिलिव्हरीने सेटल होणाऱ्या ऑप्शनवर नेहमीपेक्षा जास्त ब्रोकरेज लावतात, ते आधी विचारून घ्या. करांचे दर बजेटमध्ये बदलत असतात, म्हणून आकडे माझे न घेता तुमच्या ताज्या नोटवरचेच घ्या.

एवढं मांडल्यावर पॅरिटीकडे कसं बघायचं तेही स्पष्ट होतं. ती एक बारीक रेघ नाही, पट्टा आहे. आणि पट्ट्याची रुंदी बाजारातल्या सगळ्यात स्वस्तात सौदा करू शकणाऱ्या संस्थेच्या खर्चाएवढी असते, तुमच्या-माझ्या खर्चाएवढी नाही. साध्या गुंतवणूकदाराला पट्ट्याच्या बाहेरचा भाव दिसणं जवळजवळ अशक्य आहे, आणि दिसला तर आधी शिळा भाव, लाभांश आणि बॅन हे तीन तपासा.

एक्स्पायरीच्या आठवड्यासाठी एक सूचना. तुम्ही घेतलेला ऑप्शन पैशात असेल, म्हणजे वापरला तर पैसे मिळतील असा असेल, तर त्यावरही शेवटच्या चार दिवसांत डिलिव्हरी मार्जिन चढत जातं. पुट घेताना प्रीमियम भरला, आता काही लागणार नाही, असं धरून बसलात तर ऐनवेळी ब्रोकर सौदा कापतो. शेअर, पुट आणि कॉल या तीन पायांपैकी एक पाय कापला गेला की उरलेली दोन पायांची जागा पूर्णपणे उघडी पडते.

७. आर्बिट्राज न करताही हे कुठे वापरायचं

मला विचाराल तर सामान्य माणसासाठी या समीकरणाचा खरा उपयोग दोन जागा एकच आहेत हे ओळखण्यात आहे.

पहिलं उदाहरण संरक्षणाचं. शेअर नव्याने घ्यायचाय, पण निकालाची भीती आहे, म्हणून सोबत पुटही घ्यायचा विचार आहे. दुसरी टोपली ती हीच. मग पहिल्या टोपलीचीही किंमत काढा: फक्त कॉल घेऊन उरलेले पैसे लिक्विड फंडात ठेवले तर? एक्स्पायरीच्या दिवशीचा निकाल सारखाच. पहिल्या टोपलीत शेअर खरेदीचा एसटीटी आणि स्टँप ड्युटी आज लागत नाही, एक्स्पायरीला शेअर घ्यावा लागला तरच खर्च येतो, आणि घ्यायचा-द्यायचा भावातला फरक एकाच ऑप्शनवर सोसावा लागतो. दुसरीत लाभांश आणि मतदानाचा हक्क मिळतो. शेअर आधीपासून हातात असेल आणि त्यावर नफा साचला असेल, तर तो विकून कॉल घेण्यात कर लागेल. अशा वेळी पुटच बरा.

दुसरं उदाहरण जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात जोखमीची समजूत उलटी असते. हातात शेअर ठेवून कॉल विकणं, म्हणजे कव्हर्ड कॉल, "सुरक्षित" समजलं जातं. पुट विकणं मात्र "धोक्याचं" म्हणून टाळलं जातं. आपलेच आकडे घ्या. शेअर १,००० ला घेतला आणि कॉल ३० ला विकला: ९७० रुपये घातले. एक्स्पायरीला जास्तीत जास्त १,००० मिळणार. शेअर ९०० वर आला तर ९०० उरणार, ७०० वर आला तर ७००. आता दुसरीकडे पुट २४.३० ला विका आणि ९९४.२८ व्याजाने ठेवा: निव्वळ ९६९.९८ रुपये घातले. शेअर हजाराच्या वर गेला तर ठेवीचे १,००० हातात. शेअर ९०० वर आला तर पुटवाल्याला १०० द्यावे लागले, उरले ९००. ७०० वर आला तर उरले ७००.

दोन्ही रकाने दोन पैशांच्या फरकाने तेच आहेत. म्हणजे पूर्ण पैसे बाजूला ठेवून विकलेला पुट आणि कव्हर्ड कॉल यांत धोका अगदी सारखा आहे: वरचा फायदा दिलेला, खालचा तोटा पूर्ण घेतलेला. पुट विकणं जास्त धोक्याचं होतं ते फक्त ठेवीचे ९९४ रुपये बाजूला न ठेवता, नुसत्या मार्जिनवर पाचपट लॉट विकले तर. तसं करणारा माणूस खरं तर कर्ज काढून पाचपट कव्हर्ड कॉल करत असतो. म्हणून पुट विकण्याआधी लॉटची संख्या मार्जिन बघून ठरवू नका. स्ट्राइकला लॉटने गुणा, हजार गुणिले पाचशे म्हणजे पाच लाख, आणि तेवढी रक्कम ज्या लॉटसाठी खरोखर बाजूला आहे तेवढेच लॉट विका.